विश्लेषण : एका पानाची सूत्रसूची… उतरवून काढलेली की आठवून केलेली?

दहावीची पूर्वपरीक्षा संपली की झेरॉक्सच्या दुकानांत एक कागद हमखास मिळू लागतो. एका पानावर बारीक अक्षरांत विज्ञानाची किंवा गणिताची सगळी सूत्रे! यवतमाळ शहराला लागून असलेल्या, औद्योगिक वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या लोहाऱ्यातही चित्र वेगळे नाही. काही विद्यार्थी तो कागद विकत घेतात, तर काही स्वतः बसून पुस्तकातून सूत्रे सुबक अक्षरांत उतरवून काढतात. दोघांनाही उजळणीची सोय झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष पेपरात मात्र नेमके सूत्र आठवत नाही, किंवा आठवले तरी ते कुठे लावायचे ते कळत नाही. असे का होते आणि एका पानाची सूत्रसूची खरोखर उपयोगी पडावी यासाठी ती कशी करावी, याचा दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’च्या आधारे घेतलेला हा वेध.

एका पानाची गरज कुठे पडते?

यवतमाळ जिल्हा राज्य मंडळाच्या अमरावती विभागात येतो. मंडळाचा विज्ञान भाग १चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. प्रश्नपत्रिकेसोबत सूत्रांची यादी दिली जात नाही. पुस्तकातील दहा पाठांपैकी गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन आणि भिंगे व त्यांचे उपयोग या पाच पाठांत सूत्रांवरची उदाहरणे आहेत. आवर्ती वर्गीकरण, रासायनिक समीकरणे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे आणि अवकाश मोहिमा या उरलेल्या पाठांचा भर बहुतांशी वर्णनावर, समीकरणांवर आणि कारणे देण्यावर आहे. सूत्रसूची मुख्यतः पहिल्या पाच पाठांसाठी करायची असते. त्यामुळे सगळे पुस्तक एका पानात कोंबण्याचा प्रयत्न इथेच थांबवता येतो.

पाच पाठांतील सूत्रे मोजली तर ती पंचवीस-तीसच्या आसपास भरतात. तेवढी पाठ करणे दहावीच्या विद्यार्थ्याला जड नाही. अडचण वेगळीच असते. उदाहरण वाचल्यावर यात कोणते सूत्र लागते हे ओळखणे, चिन्ह अधिक घ्यायचे की उणे हे ठरवणे आणि सेंटिमीटरचे मीटर करणे, या तीन ठिकाणी गुण जातात. बाजारात मिळणाऱ्या किंवा पुस्तकातून उतरवलेल्या पानावर सूत्रे सगळी असतात, पण या तीन गोष्टी नसतात. कारण कोणता विद्यार्थी कुठे अडखळतो, हे छापणाऱ्याला माहीत नसते.

उतरवून काढले तर बिघडते काय?

पुस्तक समोर उघडे ठेवून सूत्र लिहिताना डोळ्यांनी वाचलेले हाताने लिहिले जाते. मध्ये आठवण्याची पायरी येतच नाही. परीक्षेत मात्र नेमकी तीच पायरी लागते. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा फरक मोजला आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले गेले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले, तर काही एकदा वाचून नंतर मजकूर समोर नसताना आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेले सरस ठरले. त्यातील ८१ टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिलेल्यातील ७५ टक्के. आठवडाभराने चाचणी घेतली तेव्हा मात्र चित्र उलटले. दोनदा वाचलेल्यापैकी ४२ टक्के उरले होते आणि एकदा वाचून आठवून लिहिलेल्यापैकी ५६ टक्के.

यातला पाच मिनिटांनंतरचा आकडा महत्त्वाचा आहे. उतरवून काढलेले पान हातात आल्याबरोबर सगळे येते असे वाटते, कारण त्या क्षणी ते खरोखरच येत असते. फसगत इथेच होते. पेपर पाच मिनिटांनी नसतो, काही आठवड्यांनी असतो. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरील संशोधनाचा आढावा घेतला. पुन्हा वाचणे, ओळी रंगवणे आणि सारांश लिहिणे यांना त्यांनी कमी उपयोगाच्या गटात टाकले, तर स्वतःची चाचणी घेणे आणि उजळणी दिवसांच्या अंतराने करणे यांना सर्वाधिक उपयोगाच्या गटात. म्हणजे एका पानाचा फायदा हवा असेल तर ते पान सारांश म्हणून न करता चाचणी म्हणून करायला हवे.

मग पान करायचे कसे?

सुरुवात कोऱ्या कागदाने करावी आणि पुस्तक बंद असावे. पाठ आधी शिकून झालेला असावा आणि त्यावरचा स्वाध्याय किमान एकदा स्वतः सोडवलेला असावा. त्यानंतर दहा मिनिटांचे घड्याळ लावून त्या पाठातील आठवेल ते सगळे पेन्सिलने लिहावे. त्यात सूत्र, प्रत्येक अक्षराचा अर्थ, एकक आणि ते सूत्र कोणत्या प्रकारच्या उदाहरणात लागते हे सगळे आले. आठवत नसेल तिथे जागा मोकळी सोडावी, पण पुस्तक उघडू नये.

दहा मिनिटांनंतर पुस्तक उघडून लाल पेनने तपासावे. प्रत्येक ओळ तीनपैकी एका गटात जाते : बरोबर आलेली, राहून गेलेली आणि चुकलेली. याच वेळी चाचणी परीक्षेच्या आणि पूर्वपरीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका शेजारी घ्याव्यात. त्या पाठातल्या उदाहरणात गुण कुठे गेले ते पाहावे आणि ती चूकही लाल पेनने त्याच कागदावर लिहावी. हा कागद म्हणजे कच्चा माल. पक्के पान त्यातून निवडून करायचे असते.

निवड करताना प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारावा : हे पानावरच्या दुसऱ्या एखाद्या सूत्रापासून अर्ध्या मिनिटात काढता येते का? येत असेल तर त्याला वेगळी जागा द्यायची नाही. उदाहरणार्थ, विद्युतधारेमुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेची H = I²Rt, H = VIt आणि H = V²t/R ही तीन रूपे पुस्तकात वाचायला मिळतात. तिन्ही पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेत त्यांची सरमिसळ करतो. पानावर फक्त H = VIt आणि V = IR एवढेच लिहावे. V च्या जागी IR घातले की पहिले रूप मिळते आणि I च्या जागी V/R घातले की तिसरे. ज्याला ही अदलाबदल करता येते, त्याला तीन सूत्रे पाठ करावी लागत नाहीत.

गुरुत्वाकर्षणाचा पाठ घेतला तर?

समजा, लोहाऱ्यातील दहावीची एक विद्यार्थिनी पहिल्या पाठापासून सुरुवात करते. दहा मिनिटांत तिने पेन्सिलने जे लिहिले त्यात गतीची तिन्ही समीकरणे बरोबर आहेत. मुक्तिवेग ११.२ किमी प्रति सेकंद हेही आठवले आहे, पण त्याचे सूत्र आठवलेले नाही. गुरुत्वीय बलाच्या सूत्रात अंतराचा वर्ग राहून गेला आहे. G आणि g या दोन्हींसमोर तिने ९.८ लिहिले आहे. तिच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणखी एक चूक दिसते. वर फेकलेल्या वस्तूच्या उदाहरणात तिने त्वरण धन घेतले होते.

आता पक्के पान करताना गतीची समीकरणे ती लिहीत नाही, कारण ती तिला येतात. गुरुत्वीय बलाचे सूत्र मात्र पहिल्या ओळीत येते.

F = Gm₁m₂/d²

त्यालाच जोडून पुढची ओळ. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील वस्तूचे वजन म्हणजे पृथ्वीने तिच्यावर लावलेले गुरुत्वीय बल. म्हणून mg = GMm/R². दोन्ही बाजूंचा m गेला की g = GM/R² उरते. हे एकदा हाताने केले की G आणि g यांतील गोंधळही सुटतो. G विश्वात सगळीकडे तोच आणि g मात्र ग्रहाच्या वस्तुमानावर व त्रिज्येवर अवलंबून, हे सूत्राकडे पाहूनच कळते. खात्रीसाठी किमती घालून पाहाव्यात. G = 6.67 × 10⁻¹¹, M = 6 × 10²⁴ kg आणि R = 6.4 × 10⁶ m घेतले तर g ची किंमत सुमारे ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. उत्तर ९.८ च्या जवळ आले म्हणजे सूत्र बरोबर आठवले. वर्ग राहून गेला असता तर उत्तर कोटींच्या घरात गेले असते आणि चूक लगेच दिसली असती.

मुक्तिवेगाचेही तसेच. ½mv² = GMm/R एवढी ओळ पानावर असली तरी पुरते. वस्तूची गतिज ऊर्जा तिला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सोडवण्याइतकी हवी, हे त्या ओळीचे सांगणे. m गेला की v = √(2GM/R) मिळते आणि GM च्या जागी gR² घातले की √(2gR). त्यात ९.८ आणि पृथ्वीची त्रिज्या घातली की ११.२ किमी प्रति सेकंद येते. सुटा आकडा पाठ करण्याऐवजी तो कुठून येतो हे आता तिच्या हातात आहे. दुसऱ्या एखाद्या ग्रहाचा मुक्तिवेग विचारला तरी तीच ओळ कामी येते.

शेवटची ओळ तिच्या स्वतःच्या चुकीची : ‘वर फेकलेली वस्तू : a = −9.8. सर्वोच्च बिंदूला v शून्य, a शून्य नाही.’ ही ओळ छापील सूत्रसूचीत सहसा आढळत नाही, पण तिच्यासाठी पानावरची सर्वांत मोलाची ओळ हीच आहे.

चूक झाली हे पानावरून कसे ओळखायचे?

वरच्याच ओळीसोबत एक छोटे उदाहरण सोडवून पाहता येते. चेंडू 9.8 m/s वेगाने सरळ वर फेकला, तर तो हातात परत यायला किती वेळ लागेल? सर्वोच्च बिंदूला v = 0, म्हणून 0 = 9.8 − 9.8t आणि t = 1 सेकंद. हा फक्त वर जाण्याचा वेळ. खाली येण्यालाही तेवढाच वेळ लागतो, म्हणून उत्तर २ सेकंद. त्वरण धन घेतले असते तर 0 = 9.8 + 9.8t, म्हणजे t = −1 आले असते. वेळ उणे येणे ही चिन्ह चुकल्याची खूण. सूत्राशेजारी ‘t उणे आला? चिन्ह बघ’ एवढेच लिहिले तरी परीक्षेतले तीन गुण वाचू शकतात.

भिंगांच्या पाठात अशी खूण आणखी उपयोगी पडते, कारण तिथे चिन्हांचाच सगळा खेळ आहे. भिंगाचे सूत्र 1/v − 1/u = 1/f आहे आणि नववीत शिकलेले आरशाचे सूत्र 1/v + 1/u = 1/f. दोन्ही शेजारी शेजारी पाठ केली की परीक्षेत अदलाबदल होते. त्यातच कार्टेशिअन चिन्ह संकेतानुसार वस्तूचे अंतर u उणे घ्यायचे असते, तेही विसरले जाते.

एक उदाहरण घेऊ. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 10 cm आहे आणि वस्तू भिंगापासून 15 cm वर ठेवली आहे. u = −15 आणि f = +10 घेतले तर 1/v = 1/10 − 1/15 = 1/30, म्हणजे v = 30 cm. विशालन M = v/u = −2, म्हणजे प्रतिमा उलटी आणि दुप्पट आकाराची. आता u चे चिन्ह विसरले असे समजू. मग 1/v = 1/10 + 1/15 = 1/6 आणि v = 6 cm. आकडा दिसायला सुबक असल्याने उत्तर बरोबर आहे असेच वाटते. पण भिंगासमोर ठेवलेल्या वस्तूची बहिर्वक्र भिंगाने तयार होणारी वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत पडूच शकत नाही. 6 हे 10 पेक्षा कमी, म्हणून उत्तर चुकले. पानावरची ओळ अशी होते : ‘भिंग : मध्ये उणे. u नेहमी उणे. बहिर्वक्र, v धन असेल तर f पेक्षा मोठा हवा.’

त्याच पाठात भिंगाच्या शक्तीचे P = 1/f हे सूत्र आहे. ते कोणीही विसरत नाही, तरी त्यावर गुण जातात. कारण f मीटरमध्ये हवे असते. वरच्याच भिंगाची शक्ती 1/0.1, म्हणजे १० डायॉप्टर. सेंटिमीटर तसेच ठेवले तर ०.१ येते. म्हणून पानावर सूत्र लिहिण्यापेक्षा ‘P : f मीटरमध्ये, 10 cm चे 10 D’ असे लिहिलेले बरे.

पानाची मांडणी कशी असावी?

साध्या ए-फोर कागदाची एकच बाजू वापरावी. कागदाच्या उजव्या बाजूचा एक तृतीयांश भाग सोडून उभी रेघ मारावी. डावीकडच्या मोठ्या भागात प्रश्न किंवा ओळखखूण लिहायची आणि उजवीकडे उत्तर. डावीकडे ‘अंतर दुप्पट केले, बल किती?’ असे असेल तर उजवीकडे सूत्र आणि ‘एक चतुर्थांश’. डावीकडे ‘ग्रहाचे वस्तुमान दुप्पट, त्रिज्या निम्मी, g किती पट?’ आणि उजवीकडे ‘M/R², म्हणून 2 ÷ ¼ = 8 पट’. डावीकडे ‘शून्य अंशाचा बर्फ वितळून गरम पाणी, किती उष्णता?’ आणि उजवीकडे ‘दोन टप्पे : mL, मग mcΔT’. रेघेवर कागद मागे दुमडला की उजवीकडची उत्तरे लपतात आणि समोर फक्त प्रश्न उरतात. पान आपोआप चाचणी होते.

डावीकडे प्रश्न लिहिण्यामागे कारण आहे. परीक्षेत कोणी ‘भिंगाचे सूत्र लिहा’ एवढेच विचारून थांबत नाही. तिथे परिस्थिती दिलेली असते आणि सूत्र विद्यार्थ्याने ओळखायचे असते. पानावर सूत्राचे नाव डावीकडे आणि सूत्र उजवीकडे असेल, तर सराव नावावरून सूत्र आठवण्याचा होतो. परिस्थिती डावीकडे असेल तर सराव परिस्थितीवरून सूत्र ओळखण्याचा होतो, आणि पेपरात हवा असतो तो हाच.

पाच पाठांना प्रत्येकी पाच-सहा ओळी आणि तळाशी ‘माझ्या चुका’ म्हणून एक चौकट मोकळी सोडली की पान भरते. अक्षर नेहमीच्या आकाराचे ठेवावे. जागा पुरत नाही म्हणून अक्षर बारीक करावेसे वाटले, तर निवड करायची राहिली आहे असे समजावे. अक्षर लहान करण्यापेक्षा दोन ओळी कमी कराव्यात.

तयार झालेले पान वापरायचे कधी आणि कसे?

पान नुसते वाचत बसले तर ते पुन्हा उतरवून काढलेल्या कागदासारखेच होते. त्यामुळे दर वेळी कागद दुमडून, डावीकडचा प्रश्न वाचून, उत्तर रफ वहीत लिहायचे आणि मगच घडी उघडायची. बरोबर आले तर ओळीसमोर एक टिंब, चुकले तर फुली. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, पुढची तीन-चार दिवसांनी, त्यानंतरची आठवड्याने आणि मग पंधरवड्याने करावी. एका वेळेला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. घरच्या कामात हात लावून किंवा ट्यूशनला ये-जा करून उरलेल्या वेळात अभ्यास करणाऱ्यांना एवढा वेळ काढता येतो.

दोन उजळण्यांमध्ये दिवसांचे अंतर असणे आवश्यक आहे. एकाच संध्याकाळी पान पाच वेळा केले तर पाचही टिंबे मिळतात, पण ती त्या संध्याकाळपुरतीच. थोडे विसरायला होऊन मग आठवणे जमले, तर ते टिकते. वेगवेगळ्या दिवशी सलग तीन टिंबे मिळालेली ओळ पानावरून खोडून टाकावी. सराव प्रश्नपत्रिका सोडवताना नवी चूक झाली तर ती तळाच्या चौकटीत लिहावी. असे करत पान हळूहळू बदलते. काही आठवड्यांनी खाडाखोड फार झाली की उरलेल्या ओळींचे दुसरे पान करावे, तेही आधी आठवून आणि मग तपासून. पेपरच्या आदल्या दिवशी हातात दहा-बारा ओळींचे पान उरले असेल, तर त्याने आपले काम चोख केले.

पान खरे की नुसतीच नक्कल, हे कसे तपासायचे?

काही खुणा पाहिल्या की कळते. पानावरचा क्रम पुस्तकातल्या क्रमासारखाच असेल, व्याख्या पुस्तकाच्या शब्दांत असतील आणि एकही ओळ स्वतःच्या चुकीतून आलेली नसेल, तर ते पान उतरवलेले आहे. शेजारच्या मित्राने ते जसेच्या तसे वापरले आणि त्यालाही तितकाच उपयोग झाला, तरी तीच शंका घ्यावी. दोघांच्या चुका सारख्या नसतात, मग पाने सारखी कशी?

याहून पक्की कसोटी म्हणजे न सोडवलेले एक उदाहरण. पान समोर उघडे ठेवून, पुस्तक बंद ठेवून ते सोडवून पाहावे. पान समोर असूनही उदाहरण सुटले नाही, तर अडचण आठवण्याची नाही, समजण्याची आहे. सूत्रातील अक्षर कशासाठी आहे किंवा दिलेली माहिती कुठे बसते हेच कळलेले नाही. अशा वेळी पानावर आणखी काही लिहून उपयोग होत नाही. पाठाकडे परत जाऊन सोडवून दाखवलेली दोन उदाहरणे ओळीओळीने समजून घ्यावी लागतात किंवा शिक्षकांना विचारावे लागते. उलट पान उघडे असताना उदाहरण सुटते आणि दुमडल्यावर सुटत नाही, तर अडचण आठवण्याचीच आहे. ती उजळणीने जाते.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

पाठ शिकण्याआधी पान करता येत नाही. कोऱ्या कागदावर आठवायला आधी काही डोक्यात असावे लागते. म्हणून पेपरच्या आदल्या रात्री पहिल्यांदा पान करायला बसणाऱ्याच्या हाती उतरवलेला कागदच लागतो. पाठ संपल्याबरोबर त्याचा कच्चा कागद करून ठेवला आणि पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका हातात आल्यावर पक्के पान केले, तर उजळणीसाठी काही आठवडे मिळतात.

‘शास्त्रीय कारणे लिहा’सारखे प्रश्न, आकृत्या आणि किरणाकृती या पानावर येत नाहीत आणि आणूही नयेत. किरणाकृती पुन्हा पुन्हा काढूनच जमते. रासायनिक समीकरणे संतुलित करणे हेही हाताचे काम आहे. सूत्रे आली म्हणून उदाहरण पूर्ण होते असेही नाही. उत्तरपत्रिकेत दिलेली माहिती, सूत्र, किमती घालणे आणि एककासह उत्तर अशा पायऱ्या दिसाव्या लागतात. ती सवय पानाने लागत नाही, संपूर्ण उदाहरण लिहून सोडवल्याने लागते.

झेरॉक्सच्या दुकानातला कागद निरुपयोगी आहे असे मात्र नाही. आठवून लिहिलेला कच्चा कागद तपासताना एखादे सूत्र राहून गेले का, हे पाहायला तो पुस्तकाइतकाच चालतो. फक्त तो हातात घेण्याची वेळ पहिल्या दहा मिनिटांनंतरची, त्याआधीची नाही.